शंभर उत्तरं पाठ करू नका, पाच प्रसंग आठवा

*मी पाच वर्षं एका यंत्रभागांच्या कारखान्यात स्टोअर असिस्टंट होते. वडिलांच्या आजारपणात नोकरी सोडली, त्याला आता चौदा महिने झाले. दुसऱ्या एका कंपनीतून स्टोअर सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलंय, बरोबर दोन आठवड्यांनी. नेटवरून शंभर प्रश्नोत्तरं वहीत उतरवून घेतली आहेत आणि रोज पाठ करतेय, पण बोलायला तोंड उघडलं की सगळं गळून पडतं. खरं तर माझ्याकडे सांगण्यासारखं मोठं काही नाहीच. एकदा बेअरिंगच्या साठ्यातली 168 नगांची तूट मी शोधून काढली होती. पुरवठादार 24 ऐवजी 10 नगांचे डबे पाठवू लागला होता आणि नोंद जुन्याच हिशेबाने होत होती. पण तेवढंच. गॅपबद्दल विचारलं तर काय सांगू? आणि चौदा दिवसांत तयारी होईल का?*
*— एक वाचक*

चौदा दिवस पुरतात. मात्र त्यातला एकही दिवस त्या वहीवर घालवायचा नाही. ती आजच मिटून कपाटात ठेवा.

पाठ केलेलं ऐन वेळी का गळतं, हे आधी सांगते, म्हणजे दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही हे तुम्हाला पटेल. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले होते. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता जेवढं आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं, आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. वही समोर धरून वाचताना तुम्हाला वाटतं ‘येतंय’, कारण उत्तर डोळ्यांसमोरच असतं. मुलाखतीत वही नसते, तिथे आठवूनच बोलावं लागतं, आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो. शिवाय ती उत्तरं दुसऱ्याची आहेत. समोरच्याने पुढचा एक साधा प्रश्न विचारला की त्यामागे तुमचं काहीच सापडत नाही.

आता तुमच्या ‘मोठं काही नाही’ या वाक्याकडे येते. मी बरीच वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे. सुपरवायझरच्या जागेसाठी माणूस निवडताना आम्ही मोठ्या पराक्रमाच्या शोधात कधीच नसायचो. माल येतो, नोंद होते, माल जातो, आणि या तीन जागांपैकी कुठे तरी रोज काहीतरी चुकतं. ते कुणाच्या लक्षात येतं, लक्षात आल्यावर तो माणूस आधी काय करतो आणि तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलतो, एवढंच आम्हाला पाहायचं असायचं. ‘तुमच्यातला सर्वांत मोठा गुण कोणता’ असले प्रश्न अनुभवी मुलाखतकार फारसे विचारत नाहीत. ‘अमुक झालं होतं असा एखादा प्रसंग सांगा’ असं विचारतात, कारण माणूस पुढे काय करेल याचा अंदाज त्याने मागे काय केलं यावरून बऱ्यापैकी बांधता येतो. तुमचे ते 168 नग म्हणजे अशा प्रश्नाचं आयतं उत्तर आहे. ‘पण तेवढंच’ म्हणून तुम्ही ते बाजूला सारलंत, याचं मला वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी मात्र प्रसंगांना हात लावू नका. आधी कागदपत्रांचं काम सुरू करा. बहुतेक जण ते शेवटच्या संध्याकाळी काढतात आणि तिथेच फसतात, कारण संपूर्ण तयारीत हे एकच काम दुसऱ्यांच्या हातात असतं. जुन्या कंपनीचं अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर तुमच्याकडे आहे का ते बघा. नसेल तर आजच तिथल्या एचआरला मेल करा. मेलमध्ये तुमचं पूर्ण नाव, एम्प्लॉयी नंबर, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि पत्र कोणत्या तारखेपर्यंत हवं हे सगळं एकदमच लिहा. यातलं काही राहिलं तर ते विचारणारं उत्तर येतं आणि त्यात दोन दिवस जातात. चौथ्या दिवसापर्यंत उत्तर नाही आलं तर फोन करा. पत्र वेळेत मिळणारच नाही असं दिसलं, तर नेमणूकपत्र, शेवटच्या पगाराच्या स्लिपा आणि पत्र मागितल्याच्या मेलची प्रत फाइलला लावा. अर्ज केलाय आणि पत्र यायचंय, हे कागदानिशी दाखवणाऱ्या माणसाला सहसा कुणी अडवत नाही.

त्याच बैठकीत एक छोटं काम उरकून घ्या. एका कोऱ्या कागदावर तुमच्या सगळ्या तारखा आणि नाव अस्सल कागदांवरून जसंच्या तसं उतरवा, आणि मग ते बायोडेटाशी ताडून पाहा. एका उमेदवाराच्या बायोडेटात नोकरी मार्चमध्ये सोडल्याचं लिहिलं होतं आणि पत्रावर जानेवारी होतं. त्याने काही लपवलं नव्हतं, बायोडेटा आठवणीतून लिहिला होता, एवढंच. पण तो खुलासा करण्यात त्याची वीस मिनिटं गेली आणि कामाबद्दल बोलायला दहाच उरली. तुमच्या बाबतीत तर चौदा महिन्यांचा खंड आहे, म्हणून सोडल्याचा महिना नीट लागलेला हवा. नावाचंही तेच. पदवीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं असेल, तर नाव बदलल्याचा कागद त्या दोहोंच्या मध्येच लावा, विचारल्यावर शोधायला लागू नये.

पहिल्या दिवसाचा उरलेला वेळ जाहिरातीला द्या. वरवर वाचू नका, तिची छपाई काढा आणि पेन घेऊन बसा. प्रत्येक कामाखाली रेघ ओढा: माल उतरवून घेणं, साठ्याची मोजणी, ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये नोंदी, हाताखालच्या चार-पाच जणांच्या टीमला काम वाटणं, ऑडिटला तोंड देणं, असं जे काही असेल ते. मग शेजारी लिहा, हे मी कुठे केलंय आणि त्याचा पुरावा म्हणून कोणता प्रसंग सांगता येईल. काही ओळींसमोर जागा रिकामी राहील. राहू द्या, ती घाईने भरू नका. त्या रिकाम्या जागाच तुम्हाला सांगतील की मुलाखतकार कुठे खोदणार आहे. तुमच्या बाबतीत बहुधा ‘माणसं सांभाळणं’ हीच ओळ रिकामी राहील, कारण असिस्टंटकडून सुपरवायझर होताना काम फारसं बदलत नाही, ते करवून कोण घेतं हे बदलतं. तिथे पदाचं नाव शोधत बसू नका. नवीन आलेल्या मुलाला माल दिल्याची इश्यू स्लिप भरायला कुणी शिकवलं? सुपरवायझर रजेवर असताना शिफ्ट कुणी चालवली? ते तुम्ही केलं असेल तर ती ओळ भरली.

दुसरा आणि तिसरा दिवस कंपनीसाठी. इथे लोक स्थापनेचं वर्ष, संचालकांची नावं आणि ‘आमचं ध्येय’ छापाचा मजकूर पाठ करतात, आणि त्यातलं काही कुणी विचारत नाही. स्टोअरच्या माणसाला कामाचं असतं ते वेगळंच: कंपनी काय बनवते, कच्चा माल कसला लागतो, तो नाशिवंत आहे का, महाग आणि लहान आहे की स्वस्त आणि अवजड आहे, गोदाम एक आहे की अनेक. बेअरिंगचं स्टोअर आणि रसायनांचं स्टोअर यांची शिस्त सारखी नसते.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर सापडेल. तो जाडजूड असतो, पण तुम्हाला त्यातले दोनच आकडे हवेत: वर्षअखेरीचा साठा आणि वर्षभरात विकलेल्या मालाचा खर्च. समजा साठा 12 कोटी आणि खर्च 73 कोटी आहे. 12 ला 73 ने भागून 365 ने गुणलं की 60 येतात, म्हणजे माल सरासरी 60 दिवस गोदामात पडून राहतो. आदल्या वर्षीचा साठा 9 कोटी आणि खर्च तेवढाच असेल तर उत्तर 45 येतं. म्हणजे एका वर्षात माल पंधरा दिवस जास्त थांबायला लागला. ढोबळ हिशेब आहे, वर्षअखेरीच्या एका दिवसाच्या साठ्यावरून काढलेला, पण दिशा कळायला पुरेसा आहे.

आता याचं करायचं काय, ते महत्त्वाचं. ‘तुमच्याकडे माल फार साठतोय’ असं मुलाखतीत चुकूनही म्हणू नका. पुरवठा लांबतोय म्हणून त्यांनी मुद्दाम जास्त माल घेऊन ठेवला असेल, किंवा नवीन गोदाम उघडलं असेल. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणतील, तेव्हा हे विचारा: ‘अहवालात साठ्याचे दिवस वाढलेले दिसले. ते ठरवून वाढवलेत, की ते कमी करणं हे या जागेवरच्या माणसाचं एक काम असेल?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं, आणि त्या उत्तरावरून ही नोकरी आपल्याला हवी आहे का हेही तुम्हाला कळतं. कंपनी खासगी असेल आणि अहवाल मिळत नसेल, तर तिच्या इतर जागांच्या जाहिराती वाचा. एकदम चार स्टोअरकीपर मागवले असतील तर एकतर पसारा वाढतोय किंवा माणसं टिकत नाहीत. कोणतं ते जाऊन विचारण्यासारखं आहे.

चौथा, पाचवा आणि सहावा दिवस प्रसंगांचे. हे तीन दिवस दुसऱ्या कशालाही देऊ नका. पाचच प्रसंग हवेत: एक चूक शोधल्याचा, एक स्वतःच्या हातून चूक झाल्याचा, एक कुणाशी मतभेद झाल्याचा, एक घाईगर्दीत काम निभावल्याचा आणि एक कुणाला शिकवल्याचा किंवा काम वाटून दिल्याचा. मुलाखतीत प्रश्न पन्नास प्रकारचे येतील, पण थोडं वळवून घेतलं की त्यातले बहुतेक या पाचांतल्या एकाच्या दारात येऊन थांबतात. प्रत्येक प्रसंग चार पावलांत लिहा: तेव्हा स्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, त्यातून काय झालं. तिसरं पाऊल सर्वांत लांब हवं, निम्म्याहून जास्त. बहुतेक उमेदवार पहिल्या पावलावरच दोन मिनिटं घालवतात आणि तिसरं एका वाक्यात उरकतात.

तुमच्याच प्रसंगावर हे करून पाहू. मुलाखतीत तुम्ही तो साधारण असा सांगाल: ‘स्टॉकमध्ये डिफरन्स आला होता, पॅकिंग बदललं होतं, मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते सॉर्ट केलं.’ यात तुम्ही कुठेच दिसत नाही. पत्रातही तुम्ही फक्त ‘शोधून काढली’ एवढंच लिहिलंय, आणि ऐकणाऱ्याला तर नेमकं तेच हवंय. कशी शोधली? पहिल्यांदा काय उघडून पाहिलंत? चोरीचा संशय आला होता का, आणि तो का सोडून दिलात? मी तिथे नव्हते, पण तुमच्या आकड्यांत एक धागा दिसतो. एका डब्यामागे नोंद 24 ची आणि माल 10 चा, म्हणजे डब्यामागे 14 ची तूट. 168 ला 14 ने भागलं की बरोबर 12 येतात. तूट डब्यांच्या पूर्ण पटीत येते, म्हणजे सुटे नग कुणी उचललेले नाहीत, मोजण्याच्या एककातच घोळ आहे. तुम्हाला हे त्या वेळी असंच सुचलं होतं का, की आधी दुसरीकडे शोधलंत? जे झालं तेच लिहा. आधी चुकीच्या जागी शोधलं असेल तर तेही लिहा, त्याने प्रसंग जास्त खरा वाटतो.

समजा घडलं ते असं होतं, तर सांगणं साधारण असं होईल: ‘तिमाही मोजणीत एका बेअरिंगचे 168 नग कमी भरले. मोजणी आणि नोंदीचा मेळ घालणं माझ्याकडे होतं. मी आधी पुन्हा मोजलं, मग दोन महिन्यांच्या इश्यू स्लिपा तपासल्या, त्यात काही निघालं नाही. मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याच्या पावत्या, काढल्या आणि शेवटच्या खेपेतला एक न फोडलेला डबा उघडला. आत दहाच नग होते, नोंद चोवीसप्रमाणे होती. असे 12 डबे आले होते, सगळी तूट तिथेच भरून निघाली. मी सुपरवायझरना सांगून नोंद दुरुस्त करून घेतली आणि पर्चेसला कळवलं, कारण सिस्टिममध्ये साठा जास्त दिसत असल्यामुळे पुढची ऑर्डर निघणारच नव्हती. त्यानंतर प्रत्येक खेपेचा एक डबा फोडून नग मोजायचे आणि तो आकडा जीआरएनवर लिहायचा, असं मी सुरू केलं.’ मोठ्याने वाचून पाहा, मिनिटाभरात होतं. यात बढाईचा एक शब्द नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला तुमच्या हाताखाली स्टोअर कसं चालेल हे दिसतं. मधे ‘नवा माल येईपर्यंत काय केलंत’, ‘लाइन थांबली का’ असे प्रश्न येतील. येऊ द्या, प्रसंग तुमचाच असल्याने उत्तरंही तुमच्याकडेच असतील. माझं हे वाक्यन्‌वाक्य मात्र पाठ करू नका. मग ती शंभरऐवजी एकशे एकावी प्रश्नोत्तरी होईल.

लिहून झालं की प्रत्येक प्रसंगाचे पाच-सहा शब्दच एका चिठ्ठीवर ठेवा. वरच्यासाठी ‘168, स्लिपा, डबा उघडला, 12, पर्चेस, एक डबा मोजायचा’ एवढंच. यापुढचा सगळा सराव त्या चिठ्ठीवरून.

सातव्या दिवशी पहिली फेरी, एकटीने. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, चिठ्ठ्या उलट्या ठेवा, एक उचला आणि बोला. मग ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं सुरुवातीला नकोसं वाटतं, तरी ऐकाच. ऐकताना तीनच गोष्टी टिपा. मुद्द्यावर यायला किती सेकंद लागले? वीसच्या वर गेले तर सुरुवात कापा. ‘आम्ही’ किती वेळा आलं आणि त्यातलं किती खरं तर ‘मी’ होतं? आणि शेवट कुठे झाला: परिणाम सांगून थांबलात, की ‘तर असं सगळं...’ म्हणत विरत गेलात? आठवा दिवस ही दुरुस्ती करून पुन्हा बोलण्यासाठी.

नवव्या दिवशीची दुसरी फेरी अशा माणसाबरोबर करा ज्याला स्टोअरमधलं काही कळत नाही. त्याला कौतुक करायला सांगू नका, दोनच कामं द्या. जिथे समजलं नाही तिथे तोडून विचारायचं, आणि प्रसंग संपला की तो स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा. त्याला परत सांगता आला नाही तर दोष सांगण्यात आहे. पॅनेलवर एचआरचा माणूस असतोच, आणि जीआरएन म्हणजे काय हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

खंडाच्या प्रश्नाचा सरावही याच फेरीत करा. त्याला उत्तर तीन वाक्यांचं हवं, त्यापेक्षा लांब नको: ‘वडिलांच्या आजारपणात त्यांच्यासोबत राहायला मी नोकरी सोडली. आता घरची व्यवस्था लागली आहे आणि मी पूर्णवेळ काम करू शकते. दरम्यान या क्षेत्रातलं अमुक एक शिकले.’ दुसरं वाक्य तुमच्या घरच्या स्थितीप्रमाणे खरं असेल तेच म्हणा, आणि तिसरं काही शिकला असाल तरच. नसेल तर ते गाळा, उत्तर तसंही पुरतं. लोक घसरतात ते तिसऱ्या वाक्यानंतर, आजाराचा तपशील, अपराधी सूर आणि माफी मागत राहणं सुरू झालं की. आजारी वडिलांजवळ राहिल्याबद्दल माफी मागायचं काहीच कारण नाही, आणि मुलाखतकारालाही बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की तुम्ही आता नियमित येऊ शकाल का. खंडाचा खरा प्रश्न वेगळाच असतो: चौदा महिन्यांत हात सुटला आहे का? म्हणून जाहिरातीत ज्या सॉफ्टवेअरचं नाव आहे ते आधी बघा. वापरलेलं नसेल तर सरळ सांगा की हे नाही, ते वापरलंय, आणि त्यात रोज कोणत्या नोंदी करत होतात ते सांगा. ‘थोडंफार येतं’ हे सर्वांत वाईट उत्तर, कारण पुढचा प्रश्न त्याच्यावरच येतो.

अकराव्या दिवशी तिसरी फेरी, या कामातल्याच कुणाबरोबर. जुन्या कारखान्यातले वरिष्ठ, दुसऱ्या कंपनीतले स्टोअरकीपर, कुणीही चालेल, चाळीस मिनिटं मागा. त्यांना ‘समजा’ने सुरू होणारे प्रश्न विचारायला सांगा. उदाहरणार्थ: समजा संध्याकाळी सुटायच्या वेळेला ट्रक आला. चलनावर 50 पेट्या आहेत, उतरल्या 46. ड्रायव्हर घाईत आहे, म्हणतो सही करा, बाकी उद्या बघू. तुम्ही काय कराल? इथे ‘मी वरिष्ठांना विचारेन’ एवढंच म्हणणारी उमेदवार असिस्टंट राहते. सुपरवायझरने सांगायला हवं ते असं: ट्रक हलायच्या आत पुन्हा मोजणी, चलनाच्या दोन्ही प्रतींवर 46 मिळाल्याची आणि 4 कमी असल्याची नोंद, त्यावर ड्रायव्हरची सही, जीआरएन 46 चाच, आणि त्याच दिवशी पर्चेसला कळवणं, म्हणजे 50 चं बिल मंजूर होणार नाही. कारणही सांगा: ट्रक एकदा फाटकाबाहेर गेला की त्या चार पेट्या कुठे कमी झाल्या हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. अशा प्रश्नांना पाठ केलेलं उत्तर नसतंच, पण तुम्ही पाच वर्षं ट्रक उतरवून घेतलेत.

या फेरीत एखादा प्रश्न आला आणि उत्तर सुचलंच नाही, तर तो दिवस वाया गेला असं समजू नका. मुलाखतीत तसं होईल तेव्हा काय म्हणायचं तेही इथेच ठरवा. ‘यावर मी स्वतः काम केलेलं नाही, पण मी सुरुवात इथून करेन’ असं म्हणून पहिलं पाऊल सांगितलं तरी चालतं. पाच सेकंद गप्प राहून विचार केला तरी चालतं. तुम्हाला ते पाच सेकंद फार लांब वाटतील, समोरच्याला वाटत नाहीत.

दहावा दिवस मी मुद्दाम मधे मोकळा सोडलाय. तोवर मेलला उत्तर आलेलं असेल, तेव्हा आलेल्या पत्रावरच्या तारखा बायोडेटाशी पुन्हा एकदा ताडून पाहा. आणि ज्या दोन माणसांची नावं संदर्भ म्हणून देणार आहात त्यांना फोन करून परवानगी घ्या, कोणत्या जागेसाठी आहे तेही सांगा. न विचारता नाव दिलं आणि तिकडून फोनवर ‘कोण म्हणालात?’ असं आलं की सगळ्यावर पाणी पडतं.

बाराव्या दिवशी नवीन काही वाचू नका. फक्त तिसऱ्या फेरीत अडखळलेली ठिकाणं चिठ्ठीवरून पुन्हा बोला. पगाराचा आकडाही आजच ठरवून ठेवा, एक नव्हे तर दोन: ज्याखाली जायचं नाही तो, आणि मागायचा तो. सुपरवायझरच्या कामाला जबाबदारी जास्त आहे, म्हणून जुन्या पगारावर थोडेसे वाढवून मागायचं हा हिशेब बरोबर नाही. अशा जागांना साधारण काय मिळतं हे तिसऱ्या फेरीतल्या माणसालाच विचारून घ्या.

तेराव्या दिवशी फाइल लावा. सगळ्यात वर बोलावण्याचं पत्र, मग बायोडेटाच्या तीन प्रती, कारण पॅनेलवर बऱ्याचदा तिघं असतात आणि एकाकडे तरी ती नसतेच, मग ओळखपत्र, शिक्षणाची कागदपत्रं, अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा. अस्सल कागद वेगळ्या कप्प्यात, दाखवायचे आणि परत ठेवायचे, द्यायच्या त्या प्रती. सगळ्याचं स्कॅन करून फोनमध्येही ठेवा. मुलाखत ऑनलाइन असेल तर हीच वेळ त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, त्याच तासाला कुणाला तरी व्हिडिओ कॉल करून उजेड आणि आवाज तपासायला वापरा. प्रत्यक्ष जायचं असेल तर रस्ता एकदा त्याच वेळेला जाऊन पाहा. चौदाव्या दिवशी रात्री चिठ्ठ्या एकदा चाळा आणि लवकर झोपा.

मुलाखत झाली की बाहेर पडताच, घरी पोचायची वाट न बघता, फोनमध्ये त्यांनी विचारलेले प्रश्न लिहून काढा, जमतील तितके त्यांच्याच शब्दांत. कोणत्या प्रश्नावर ते रेंगाळले तेही लिहा. दुसरी फेरी लागली तर ती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. आणि ही जागा नाही मिळाली, तरी पुढच्या मुलाखतीसाठी तुमच्या हातात तुम्हालाच खरोखर विचारलेल्या प्रश्नांची यादी असेल. ती त्या कपाटातल्या वहीत पहिल्या पानावर उतरवा.